शंभर शब्दांत गरज कशी मांडायची? प्रस्तावातलं 'नीड स्टेटमेंट' आटोपशीर करण्याची पद्धत

एखादी सामाजिक संस्था निधीसाठी अर्ज करते, तेव्हा त्या अर्जात एक रकाना हमखास असतो: 'हा प्रकल्प का गरजेचा आहे?' याला गरजेची मांडणी किंवा संस्थांच्या रोजच्या बोलण्यात 'नीड स्टेटमेंट' म्हणतात. पूर्वी त्यासाठी दोन-तीन पानं मिळायची. आता बरेच अर्ज ऑनलाइन भरले जातात आणि या रकान्याला १००, १५० किंवा २५० शब्दांची मर्यादा असते. मर्यादा ओलांडली, की फॉर्म पुढे जात नाही किंवा उरलेला मजकूर आपोआप कापला जातो.

अशा वेळी बहुतेक जण विशेषणं काढतात, एक-दोन वाक्यं गाळतात आणि आकडा मर्यादेत बसवतात. मजकूर बसतो, पण वाचणाऱ्याला गरज कळतेच असं नाही. पालघर जिल्ह्यातल्या वाणगाव परिसराचं एक उदाहरण घेऊन ही कापणी नेमकी कुठे आणि कशी करायची, ते पाहू.

या रकान्यात नेमकं काय विचारलेलं असतं?

गरजेची मांडणी म्हणजे परिसराची ओळख नव्हे आणि संस्थेचा परिचयही नव्हे. काय असायला हवं आणि प्रत्यक्षात काय आहे, यातलं अंतर दाखवणं एवढंच तिचं काम. निधी मिळाला तर प्रकल्प हेच अंतर कमी करणार असतो. म्हणून वाचणाऱ्याला चार प्रश्नांची उत्तरं हवी असतात.

१. गरज कोणाची आहे, ते लोक कुठे राहतात आणि किती आहेत?
२. त्यांच्याकडे नेमकं काय नाही?
३. ते कशामुळे नाही आणि हे कोणी, केव्हा तपासलं?
४. सरकारी योजना किंवा दुसरी सोय असताना ही गरज का उरली?

उपाय, बजेट, संस्थेचा अनुभव यांचे रकाने अर्जात वेगळे असतात. त्या रकान्यांतला मजकूर इथे आला, तर शब्द दोनदा खर्च होतात.

उदाहरण: १४५ शब्दांचा मसुदा

वाणगाव हे डहाणू तालुक्यातलं, पश्चिम रेल्वेवर बोईसर आणि डहाणू रोड यांच्या मधलं स्टेशन. डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांत आदिवासी पाडे मोठ्या संख्येनं आहेत. दिवाळीनंतर अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांवर किंवा बांधकामांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलंही सोबत जातात आणि शाळेचं अर्ध्याहून अधिक वर्ष बुडतं.

समजा, इथल्या एका छोट्या संस्थेला या मुलांसाठी एका कंपनीच्या सीएसआर निधीकडे अर्ज करायचा आहे. मर्यादा १०० शब्दांची आहे. संस्था काल्पनिक आहे आणि पाडे, मुलं, कुटुंबं यांचे पुढचे आकडे फक्त उदाहरणासाठी घेतले आहेत. पहिला मसुदा असा:

> पालघर जिल्हा हा महाराष्ट्रातील एक आदिवासीबहुल जिल्हा म्हणून ओळखला जातो. शिक्षण हा मानवी जीवनाचा पाया असून शिक्षणाशिवाय कोणत्याही समाजाचा सर्वांगीण विकास होणे शक्य नाही. २०११ च्या जनगणनेनुसार डहाणू तालुक्यात सुमारे ६९ टक्के आणि तलासरी तालुक्यात सुमारे ९० टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. वाणगाव परिसरातील पाड्यांवर राहणारे आदिवासी बांधव अत्यंत गरीब असून त्यांच्याकडे उपजीविकेचे कोणतेही शाश्वत साधन उपलब्ध नाही. त्यामुळे दिवाळीनंतर मोठ्या प्रमाणावर कुटुंबे वीटभट्टी, बांधकाम आदी कामांसाठी स्थलांतर करत असल्याचे दिसून येते. पालकांमध्ये शिक्षणाविषयी जागरूकतेचा अभाव असल्यामुळे ते मुलांनाही सोबत घेऊन जातात व मुलांचे शैक्षणिक नुकसान होते. आमच्या संस्थेने केलेल्या पाहणीत चार पाड्यांवरील अनेक मुले शाळाबाह्य झाल्याचे आढळून आले आहे. आमची संस्था गेल्या अनेक वर्षांपासून शिक्षण, आरोग्य, पर्यावरण आणि महिला सक्षमीकरण या क्षेत्रांमध्ये निःस्वार्थपणे कार्य करत आहे. मात्र निधीच्या कमतरतेमुळे संस्थेला या मुलांपर्यंत पोहोचण्यात मोठ्या अडचणी येत आहेत. सदर मुलांना आधुनिक शिक्षणाच्या मुख्य प्रवाहात आणण्यासाठी टॅबच्या माध्यमातून डिजिटल अभ्यासवर्ग सुरू करणे ही काळाची गरज आहे.

ही दहा वाक्यं आणि १४५ शब्द आहेत. म्हणजे ४५ शब्द कमी करायचे आहेत.

नुसते शब्द काढले तर काय होतं?

सोपा मार्ग लगेच दिसतो. पहिलं वाक्य (१० शब्द), 'शिक्षण हा पाया' हे दुसरं वाक्य (१४ शब्द) आणि संस्थेच्या कार्याचं आठवं वाक्य (१७ शब्द) काढलं, की ४१ शब्द जातात. उरतात १०४. त्यातून 'अत्यंत', 'मोठ्या प्रमाणावर' आणि 'सदर' हे चार शब्द काढले, की बरोबर १०० होतात. फॉर्म स्वीकारला जाईल.

पण आता वर दिलेले चार प्रश्न या १०० शब्दांना विचारून पाहा. मुलं किती? 'अनेक'. किती जण स्थलांतर करतात? सांगितलेलं नाही. त्यांच्याकडे काय नाही? जागरूकता, निधी आणि टॅब, अशी तीन वेगवेगळी उत्तरं मिळतात. आधीची कोणती सोय का पुरत नाही? तेही नाही. मजकूर लहान झाला, पण रिकामाच राहिला. म्हणून शब्द मोजण्याआधी वाक्यं तपासावी लागतात.

प्रत्येक वाक्य कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे?

मसुद्याची प्रत काढून प्रत्येक वाक्यासमोर १ ते ४ पैकी एक क्रमांक लिहायचा. वाक्य कोणत्याच प्रश्नाचं उत्तर देत नसेल, तर शून्य लिहायचं. वरच्या मसुद्याचं असं दिसतं:

पहिल्या दोन वाक्यांना शून्य मिळतं. पालघर आदिवासीबहुल आहे आणि शिक्षण महत्त्वाचं आहे, हे वाचणाऱ्याला आधीच मान्य असतं. आठवं वाक्य संस्थेच्या परिचयात जायला हवं, दहावं उपायाच्या रकान्यात.

नववं वाक्य सर्वांत फसवं आहे. 'आमच्याकडे निधी नाही' ही संस्थेची अडचण झाली, मुलांची गरज नव्हे. निधी हवा आहे म्हणूनच अर्ज केला आहे, हे देणाऱ्याला माहीत असतं. दहाव्या वाक्यातही असाच घोळ आहे. 'टॅब नाहीत म्हणून टॅब हवेत' असं म्हटलं, की उपायच गरज म्हणून मांडला जातो. मुलांना टॅबनं काय फरक पडेल, हा प्रश्न तसाच राहतो.

चौथ्या वाक्यात 'कोणतेही साधन नाही' असं ठाम विधान आहे. वाचणाऱ्यानं पावसाळ्यातली भातशेती किंवा रोजगार हमीचं एखादं काम पाहिलं असेल, तर त्याचा पुढच्या मजकुरावरचा विश्वास कमी होतो. सहाव्या वाक्यात पालकांना जागरूकता नसल्याचं म्हटलंय, पण ते कोणी तपासलं हे सांगितलेलं नाही.

शेवटी ज्यात कामाचं काही आहे, अशी वाक्यं तीनच उरतात: चौथं, पाचवं आणि सातवं. ती मिळून ४३ शब्दांची आहेत आणि त्यांत 'चार पाडे' याशिवाय एकही संख्या नाही. म्हणजे १०० शब्दांची मर्यादा कमी पडत नव्हती. ५७ शब्द मोकळे होते, पण त्यांत भरायला माहिती नव्हती.

आकडा तालुक्याचा घ्यायचा की पाड्याचा?

तिसऱ्या वाक्यातला जनगणनेचा आकडा बरोबर आहे. २०११ मध्ये डहाणू तालुक्याची लोकसंख्या सुमारे ४ लाख आणि तलासरीची सुमारे दीड लाख होती. अनुसूचित जमातींचं प्रमाण मसुद्यात दिलंय तेवढंच होतं. तरीही हा आकडा इथे उपयोगाचा नाही आणि त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण, तो स्थलांतराबद्दल काहीच सांगत नाही. कुटुंब आदिवासी आहे, एवढ्यावरून त्यातलं मूल शाळा सोडून वीटभट्टीवर जातं असं सिद्ध होत नाही. दुसरं, तालुक्याची सरासरी फार वेगवेगळ्या वस्त्यांना एकत्र करते. डहाणू तालुक्यात डहाणू शहर आहे, घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्या आहेत, वाणगावची मिरचीची शेती आहे आणि पूर्वेकडचे डोंगराळ पाडेही आहेत. सगळ्यांचा मिळून एक आकडा काढला, तर चार पाड्यांची स्थिती त्यात दिसत नाही.

जनगणनेचा आकडा वापरायचाच असेल, तर एक गोष्ट माहीत हवी. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे २०११ च्या जनगणनेत डहाणू आणि तलासरी हे तालुके ठाणे जिल्ह्याखाली सापडतात. 'पालघर जिल्हा, जनगणना २०११' असा संदर्भ दिला, तर तपासणाऱ्याला तो मूळ पुस्तिकेत मिळत नाही. शिवाय जनगणना गाव हे एकक धरते. पाड्याची वेगळी नोंद तिथे नसते.

मग पाड्याचा आकडा कुठून आणायचा? तो बहुतेक वेळा जवळच्या नोंदवह्यांत असतो. शाळेच्या हजेरीपटावरून कोणतं मूल कोणत्या महिन्यापासून गैरहजर आहे हे कळतं. अंगणवाडीच्या नोंदींत सहा वर्षांखालची मुलं सापडतात. घरं तीस-चाळीस असतील, तर दोन कार्यकर्ते आठवड्याभरात घरोघर जाऊन विचारू शकतात. अर्जाच्या शेवटच्या तारखेआधी महिनाभर हे काम झालं, तर १०० शब्द भरायला अडचण येत नाही.

कंपन्यांच्या निधीसाठी जवळच्या आकड्याचा आणखी एक फायदा आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार कंपनीनं सीएसआर खर्च करताना ती जिथे काम करते त्या स्थानिक भागाला प्राधान्य देणं अपेक्षित असतं. वाणगावच्या शेजारच्या बोईसरला तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या कंपनीला जिल्ह्याच्या सरासरीपेक्षा ठरावीक पाड्यांची नावं आणि संख्या जास्त उपयोगी पडतात.

कारण चुकलं तर प्रकल्पच चुकतो

आता सहाव्या वाक्याकडे, म्हणजे 'जागरूकतेचा अभाव' या कारणाकडे पाहू. या भागात हाच प्रश्न पूर्वी एकदा वेगळ्या पद्धतीनं हाताळला गेला आहे.

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे हे काम डहाणू तालुक्यातल्याच कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती. 'पालकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही' असं म्हणून थांबता आलं असतं. पण मुलं दिवसभर काय करतात हे पाहिल्यावर वेगळं चित्र दिसलं. मोठी मुलं घरी धाकट्या भावंडांना सांभाळत होती किंवा गुरं चारायला नेत होती. म्हणून शाळेला जोडून पाळणाघर आणि बालवाडी आली आणि गुराखी मुलांसाठी कुरणातच 'कुरणशाळा' भरवली गेली. कारण बदललं, तसा उपायही बदलला.

आपल्या उदाहरणातल्या संस्थेनंही समजा चार पाड्यांवर घरोघर जाऊन एकच साधा प्रश्न विचारला: 'मुलाला मागे का ठेवलं नाही?' मुलं सोबत नेणारी ३६ कुटुंबं निघाली. त्यातल्या २९ कुटुंबांनी सांगितलं, की शाळा चांगली आहे, पण रात्री मुलाला सांभाळायला आणि जेवण करून द्यायला घरी कोणी नसतं.

या एका उत्तरानं मसुद्यातलं दहावं वाक्य निकालात निघतं. मुलंच पाड्यावर नसतील, तर डिजिटल अभ्यासवर्गात बसणार कोण? त्या प्रस्तावाला निधी मिळाला असता, तरी टॅब कपाटात राहिले असते आणि मुलं भट्टीवर. गरज अभ्यासवर्गाची नव्हती, संध्याकाळपासून सकाळपर्यंतच्या देखभालीची होती. मांडणी नेमकी करताना अशी विसंगती सापडली, तर वाक्यं सावरून नेण्याऐवजी उपायाचा रकाना पुन्हा लिहावा लागतो.

नवी मांडणी: ९८ शब्द

> वाणगाव परिसरातील चार पाड्यांवरील ६ ते १४ वयाची १४० मुले शाळेत दाखल आहेत. गेल्या हंगामात, नोव्हेंबर ते मे, त्यांपैकी ५८ मुले आई-वडिलांसोबत वीटभट्ट्यांवर गेली. त्यातली २३ जूनमध्ये शाळेत परतली नाहीत (शाळांचे हजेरीपट). ही मुले ३६ कुटुंबांतली आहेत. जुलैमधील घरोघरच्या पाहणीत त्यांतल्या २९ कुटुंबांनी (४६ मुले) एकच कारण दिले: मागे राहिलेल्या मुलांना रात्री सांभाळणारे आणि रांधून घालणारे घरी कोणी नसते. शाळा आणि दुपारचा पोषण आहार गावात आहे; सायंकाळपासून सकाळपर्यंतची सोय नाही. जवळच्या आश्रमशाळेत वर्षाच्या मध्यात जागा मिळत नाही आणि हंगामी वसतिगृह गेल्या हंगामात येथे सुरू झाले नव्हते. नोव्हेंबरपूर्वी ही सोय झाली नाही, तर तीच कुटुंबे मुलांना पुन्हा सोबत नेतील.

यात एकही विशेषण गरिबीचं वर्णन करत नाही. संख्या मात्र एका ओळीत उतरत जातात: १४० पैकी ५८, ५८ पैकी २३, ३६ कुटुंबांपैकी २९ आणि त्या घरांतली ४६ मुलं. बजेटच्या रकान्यात जेवणाचा आणि काळजीवाहू व्यक्तीचा खर्च ४६ मुलांसाठीच असायला हवा. तिथे १४० लिहिलं, तर तपासणारा पहिला प्रश्न तोच विचारेल.

सातव्या वाक्याला १६ शब्द दिले आहेत आणि ते तेवढे लागतात. स्थलांतरित मुलांसाठी महाराष्ट्रात हंगामी वसतिगृहांची योजना आहे, हे शिक्षणक्षेत्रात निधी देणाऱ्यांना ठाऊक असतं. तिचा उल्लेखच नसेल, तर संस्थेला योजना माहीत नाही असं वाटतं. उल्लेख असेल, तर ती इथे का पोहोचली नाही तेही सांगावं लागतं.

'शाळाबाह्य' हा शब्दही बदलला आहे. २३ मुलं या शाळेत परतली नाहीत, एवढंच हजेरीपटावरून कळतं. त्यातल्या काहींचं नाव कामाच्या गावातल्या शाळेत दाखल झालं असू शकतं. ते तपासल्याशिवाय सगळ्यांना शाळाबाह्य म्हणणं म्हणजे पुराव्यापेक्षा जास्त बोलणं.

मराठीत शब्द कुठे वाचतात?

मजकूर ठरल्यावरच वाक्यांची छाटणी करायची. मराठीला इथे एक सोय आहे. विभक्तीचे प्रत्यय आणि बरीचशी शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडून येतात आणि एकच शब्द मोजली जातात. 'सायंकाळ ते सकाळ या वेळेची सोय नाही' हे सात शब्द होतात. 'सायंकाळपासून सकाळपर्यंतची सोय नाही' हे चार.

सर्वांत जास्त शब्द सरकारी वळणाच्या क्रियापदांत जातात. 'स्थलांतर करत असल्याचे दिसून येते' याऐवजी 'स्थलांतर करतात' लिहिलं, की तीन शब्द वाचतात. 'आढळून आले आहे' याचं 'आढळले' झालं, की दोन. 'टॅबच्या माध्यमातून' म्हणजे 'टॅबवर'. 'जुलै महिन्यामध्ये करण्यात आलेल्या पाहणीत' म्हणजे 'जुलैमधील पाहणीत'. अशा चार-पाच ठिकाणी मिळून एका पूर्ण वाक्याची जागा निघते.

मात्र शब्द वाचवायला लांबलचक समास करू नयेत. 'स्थलांतरितवीटभट्टीकामगारकुटुंबे' हा मोजणीत एक शब्द असला, तरी वाचणारा तिथे अडखळतो.

मर्यादा शब्दांची आहे की अक्षरांची?

फॉर्म भरण्याआधी हे नक्की पाहावं. शब्दमर्यादा असेल, तर बहुतेक फॉर्म मोकळ्या जागेवरून शब्द मोजतात. '६९ टक्के' हे दोन शब्द, '६९%' हा एक. '२०११ च्या' हे दोन, '२०११च्या' हा एक. 'आई-वडिलांसोबत' हा सहसा एकच धरला जातो, पण काही फॉर्म जोडरेघेवर तोडून दोन मोजतात. म्हणूनच नव्या मांडणीत दोन शब्दांची जागा मोकळी ठेवली आहे. गुगल डॉक्समध्ये Ctrl+Shift+C दाबलं, की शब्द आणि अक्षरं दोन्हींची संख्या दिसते.

अक्षरमर्यादा असेल, तर देवनागरीत वेगळाच हिशेब लागतो. संगणक काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त हे सगळं स्वतंत्र मोजतो. 'शिक्षण' हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरी दिसतो, पण मोजणीत तो सहा होतो: श, वेलांटी, क, हलन्त, ष आणि ण. 'स्थलांतर' चारऐवजी आठ होतो. त्यामुळे हजार अक्षरांच्या रकान्यात साधारण सव्वाशे ते दीडशे मराठी शब्दच बसतात. इथे जोडाक्षरांचे लांब शब्द महाग पडतात आणि लहान शब्द स्वस्त. शब्दमर्यादेसाठी केलेली छाटणी अक्षरमर्यादेला जशीच्या तशी चालत नाही.

अर्ज इंग्रजीत द्यायचा असेल, तर आणखी एक अडचण येते. 'पाड्यांवरील' या एका शब्दाचे इंग्रजीत दोन-तीन शब्द होतात. मराठीत ९८ शब्दांत बसलेली मांडणी भाषांतरात मर्यादेबाहेर जाते. मग घाईघाईत शेवटची वाक्यं कापली जातात आणि आधीच्या सोयी का पुरत नाहीत हेच गळतं. त्यामुळे इंग्रजी मांडणी त्याच माहितीवरून, पण वेगळी लिहावी.

जास्त कापलं तर काय बिघडतं?

मर्यादा ५० शब्दांची असेल, तर काहीतरी सोडावंच लागतं. अशा वेळी आधी गाळले जातात ते 'पैकी' आणि कंसातला संदर्भ, कारण ते किरकोळ वाटतात. पण '२३ मुलं परतली नाहीत' हे वाक्य एकटं राहिलं, तर ती २५ पैकी आहेत की ५०० पैकी, हे कळत नाही. संदर्भ गेला, की तोच आकडा ऐकीव वाटतो.

त्यापेक्षा आधी शेवटचं वाक्य काढावं. मग १४० चा आकडा काढून थेट ५८ पासून सुरुवात करावी. आश्रमशाळा आणि वसतिगृहाचं वाक्य 'हंगामी वसतिगृह गेल्या वर्षी येथे नव्हते' एवढं करता येईल. कोण, किती पैकी किती, कारण आणि त्याचा पुरावा या गोष्टी शेवटपर्यंत ठेवाव्यात.

पाठवण्याआधीच्या तीन चाचण्या

पहिली चाचणी गावाच्या नावाची. मांडणीतलं 'वाणगाव' काढून तिथे 'गडचिरोली' किंवा 'नंदुरबार' लिहावं. मजकूर तरीही तितकाच खरा वाटला, तर तो अजून फार सर्वसाधारण आहे. पहिल्या मसुद्यातली बहुतेक वाक्यं ही चाचणी नापास होतात.

दुसरी चाचणी झाकून वाचण्याची. अर्जाचा बाकी भाग झाकून फक्त ही मांडणी प्रकल्पाशी संबंध नसलेल्या व्यक्तीला द्यावी आणि विचारावं, 'संस्था इथे काय करणार असेल आणि किती जणांसाठी?' उत्तर '४६ मुलांची सात महिने रात्रीची आणि जेवणाची सोय' असं आलं, तर मांडणी आणि उपाय जुळले आहेत. 'शिकवणी घेणार असतील' असं उत्तर आलं, तर कारणाचं वाक्य पुन्हा लिहायला हवं.

तिसरी चाचणी पाड्यावरची. मांडणी त्या २९ पैकी दोन-तीन घरांत वाचून दाखवावी. स्वतःच्या घराबद्दल असं लिहिलेलं पालकांना पटतं का, हे तिथेच कळतं. 'पालकांमध्ये जागरूकतेचा अभाव' हे वाक्य त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचणं जड गेलं असतं. 'रात्री सांभाळणारे कोणी नसते' हे त्यांनीच सांगितलेलं कारण आहे. त्यात काही चुकलं असेल, तर ते दुरुस्त करणारी माणसंही तीच आहेत.